दुर्बिणीतून पित्ताशय काढल्याची ओटी नोट: एका ओळीची पार्श्वभूमी

सांगली-मिरजेकडच्या अनेक फायलींमध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढल्याच्या ओटी नोटवर एकच ओळ भेटते: ‘कॅलोट्स ट्रँगल डिसेक्ट केला, सिस्टिक डक्ट व आर्टरी ओळखून क्लिप केल्या, कापल्या.’ म्हणजे पित्ताशयाच्या मानेजवळचा त्रिकोण साफ केला, पित्ताशयाची नळी आणि धमनी क्लिप लावून कापली. रुग्ण जतचा असो की आटपाडीचा, टेम्प्लेट तेच राहतं आणि फक्त नाव बदलतं.

ही ओळ पोट उघडून ऑपरेशन करण्याच्या काळातली आहे. बर्लिनमध्ये 1882 साली पहिलं पित्ताशय काढलं गेलं. त्यानंतर शंभर वर्षं सर्जनचं बोट आत असायचं आणि नळी चाचपून कळायची, म्हणून ‘ओळखली’ एवढं लिहिलेलं पुरायचं. 1985 ला जर्मनीत, 1987 ला फ्रान्समध्ये आणि 1990 ला मुंबईत दुर्बीण आली. बोट गेलं, ओळ मात्र राहिली. त्याच सुमारास मुख्य पित्तनलिकेच्या इजाही वाढल्या. उघड्या ऑपरेशनमध्ये हजारी एक-दोन असणारं प्रमाण सुरुवातीच्या दुर्बिणीच्या वर्षांत चार ते सहाच्या घरात गेलं.

कारण साधं होतं. पित्ताशयाची मान वर, खांद्याच्या दिशेने जोरात ओढली की सिस्टिक डक्ट आणि मुख्य नलिका एका रेषेत येतात. मग मुख्य नलिकाच सिस्टिक डक्ट वाटते. चुकणाऱ्या सर्जननेही ‘ओळखली’ असंच प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं.

1995 साली यावर ‘क्रिटिकल व्ह्यू ऑफ सेफ्टी’, थोडक्यात सीव्हीएस, हा शब्दप्रयोग आला. त्यात तीन अटी आहेत: त्रिकोणातली चरबी व तंतू पूर्ण साफ झालेले असावेत, पित्ताशयाचा खालचा एक तृतीयांश भाग यकृताच्या पृष्ठापासून सुटलेला असावा, आणि पित्ताशयात फक्त दोनच रचना जाताना दिसाव्यात. योगायोग असा, की डॉक्टरांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येते हा निकालही 1995 चाच.

वाद इथून सुरू होतो. काही सर्जन म्हणतात, तीन अटी लिहायच्या आणि एक राहिली तर आपल्याच हाताने पुरावा द्यायचा, हे कशाला? दुसरे नुसतंच ‘सीव्हीएस मिळाला’ लिहून मोकळे होतात. नोंद आणि व्हिडिओ ताडून पाहिल्यावर, नोंदीत ‘मिळाला’ असूनही व्हिडिओत तो पूर्ण दिसत नाही, हे परदेशी अभ्यासांत आढळलं आहे. म्हणून तिन्ही गोष्टी वेगळ्या लिहिणं आणि क्लिप लावण्याआधी पुढून-मागून एकेक फोटो ठेवणं हाच सरळ मार्ग. एखादी अट मिळाली नाही, तर कोणती आणि मग काय केलं, हेही लिहावं. अर्धवट काढून थांबणं किंवा पोट उघडणं हा निर्णय असतो, त्याची लाज वाटायचं कारण नाही.

उदाहरण म्हणून बेचाळीस वर्षांच्या एका बाईची नोट घेऊ. फाइंडिंग्जमध्ये: पित्ताशय फुगलेलं, तळाशी ओमेंटम चिकटलेला, मानेत 8 मिमीचा खडा अडकलेला, मुख्य नलिका रुंद नाही, यकृत नेहमीसारखं. स्टेप्समध्ये: बेंबीतून उघड्या पद्धतीने 10 मिमीचा पोर्ट, गॅसचा दाब 12, एपिगॅस्ट्रिक 10 चा, उजवीकडे 5 चे दोन. खडा मानेत असल्याने मानेचा पाऊच बाजूला, उजवीकडे खाली ओढून त्रिकोण उघडला. तिन्ही अटी पूर्ण. डक्टवर रुग्णाच्या बाजूला दोन क्लिप, पित्ताशयाच्या बाजूला एक. हुकने पृष्ठापासून सोडवलं, पित्त सांडलं नाही, बॅगेतून एपिगॅस्ट्रिक पोर्टने बाहेर. 10 मिमीच्या दोन्ही जागी शीथ शिवली.

काउंटबाबत, म्हणजे गॉज-मॉप-सुयांच्या मोजणीबाबत, उघड्या ऑपरेशनचीच सवय टिकली: ‘काउंट करेक्ट’, संपलं. दुर्बिणीत मॉप लागत नाही म्हणून मोजणीकडे दुर्लक्ष होतं, पण रक्त टिपायला पोर्टमधून आत सारलेला छोटा गॉज नेमका राहतो. तेव्हा आकडे लिहावेत: सुरुवातीला 10, मध्ये 5 वाढवले, शेवटी 15. आत किती गेले, किती बाहेर आले, हे वेगळं. सुया आणि बॅगही मोजावी. काउंट स्क्रब सिस्टर आणि सर्क्युलेटिंग सिस्टर दोघी मोठ्याने करतात, म्हणून सह्याही दोघींच्या. पोट उघडायची वेळ आली, तर मोठा सेट वापरण्याआधी मॉप मोजून नवा आकडा टाकायचा.

पोस्टऑप ऑर्डरमध्ये ड्रेन आणि पाच दिवसांचं अँटिबायोटिक हेही जुन्या काळाचे पाहुणे; सोप्या केसमध्ये दोन्ही लागत नाहीत. ‘व्हायटल्स वॉच’ लिहून रात्रपाळीच्या सिस्टरला काही कळत नाही. नाडी 100 च्या वर, पोटदुखी कमी होण्याऐवजी वाढणं, सतत उलटी, पोट ताठ होणं, यांपैकी काही झालं की रात्रीच फोन, असं लिहावं. पित्तगळती बहुतेकदा घरी गेल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून दिसते. त्यामुळे ताप, कावीळ, वाढतं दुखणं आणि फोन नंबर डिस्चार्ज कार्डावर मराठीत हवेत. खांद्याचं दुखणं मात्र ऑपरेशनवेळी पोटात भरलेल्या गॅसमुळे, दोन-तीन दिवसांत जाणारं, हेही तिथेच लिहिलं की नातेवाईक विनाकारण घाबरत नाहीत.