डोन्ट की डू नॉट, पुट ऑफ की पोस्टपोन: फॉर्मल आणि इन्फॉर्मल इंग्रजीत नक्की बदलतं काय

‘मीटिंग पुढे ढकललीय’ असं आपण मित्राला सांगतो आणि नोटीस बोर्डावर मात्र ‘बैठक पुढे ढकलण्यात आली आहे’ असं लिहितो. अर्थ तोच. ‘ढकलली आहे’चं ‘ढकललीय’ झालं म्हणजे आपण आखूड केलं, इंग्रजीवाले याला कॉन्ट्रॅक्शन म्हणतात. आता गंमत बघा, ‘पुढे ढकलणे’ हा तसा रोजच्या बोलण्यातला शब्दप्रयोग आहे तरी तो नोटिशीत खपतो, ‘स्थगित’ लिहायलाच हवं असं काही नाही, पण ‘ढकललीय’ मात्र तिथे चालत नाही. म्हणजे औपचारिक करताना सगळंच बदलावं लागत नाही, काही गोष्टी बदलतात आणि काही जागच्या जागी राहतात. इंग्रजीत अगदी हेच होतं, आणि अकरावी-बारावीची बरीच मुलं अडकतात ती इथेच, कारण त्यांना कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं की फॉर्मल म्हणजे सगळी कॉन्ट्रॅक्शन्स उघडा आणि सगळे फ्रेजल व्हर्ब काढून जड शब्द घाला.

आधी कॉन्ट्रॅक्शन. मैत्रिणीला मेसेजमध्ये ‘आय कान्ट कम’, निबंधात ‘कॅनॉट’, इथपर्यंत सगळ्यांना जमतं (‘कॅनॉट’ लिहिताना सहसा एकच शब्द, मध्ये जागा नाही, एवढं लक्षात ठेवा). घोळ होतो तो डोळे झाकून उघडताना. ‘व्हाय डोन्ट यू अ‍ॅग्री?’ हे वाक्य उघडायला सांगितलं की हमखास कुणीतरी ‘व्हाय डू नॉट यू अ‍ॅग्री?’ लिहितं, आणि ते चूक आहे. ‘डोन्ट’ एकत्र असतं तोवर ते दोन्ही मिळून ‘यू’च्या आधी उडी मारतात, पण सुटे केले की ‘नॉट’ मागे राहतो: ‘व्हाय डू यू नॉट अ‍ॅग्री?’ तसंच ‘इजन्ट इट ट्रू’चं ‘इज इट नॉट ट्रू’ होतं. म्हणजे नुसतं स्पेलिंग नाही, शब्दांचा क्रमही बदलतो.

दुसरी फसगत ’ड आणि ’स यांची. ‘ही’ड गॉन’मध्ये ’ड म्हणजे ‘हॅड’, पण ‘ही’ड गो’मध्ये तोच ’ड म्हणजे ‘वुड’. कसं ओळखायचं? पुढचं क्रियापद बघा. ‘गॉन’ हे तिसरं रूप आलं की ‘हॅड’, ‘गो’ हे मूळ रूप आलं की ‘वुड’. याला एक खट्याळ अपवाद आहे, ‘यू’ड बेटर लीव्ह’. इथे पुढे मूळ रूप असूनही तो ‘हॅड बेटर’ आहे, ‘वुड बेटर’ असं काही नसतंच. ’स पण तसाच: ‘शी’ज लेट’ म्हणजे ‘इज’, ‘शी’ज लेफ्ट’ म्हणजे बहुतेक वेळा ‘हॅज’. बोलताना हे कानाला आपोआप कळतं, त्यामुळे आपण कधी विचार करत नाही, आणि मग निबंधात उघडायची वेळ आली की पेन थांबतं.

उलट्या बाजूनेही एक नियम आहे. होकारार्थी छोटं उत्तर कधी आखूड करायचं नाही. ‘आर यू रेडी?’ला ‘येस, आय’म’ म्हणून थांबता येत नाही, ‘येस, आय अ‍ॅम’च म्हणावं लागतं, मग समोर मित्र असो नाहीतर परीक्षक. याचा फॉर्मल-इन्फॉर्मलशी संबंध नाही, वाक्याच्या शेवटी त्या शब्दावर जोर येतो आणि जोर आला की तो आखडत नाही. नकारात मात्र ‘नो, आय’म नॉट’ चालतं, कारण तिथे शेवटचा जोर ‘नॉट’वर गेला.

हा जोराचा मुद्दा बोलण्यात फार कामाचा आहे. प्रेझेंटेशन म्हणजे फॉर्मल, म्हणून एकूण एक कॉन्ट्रॅक्शन उघडून बोलणारे विद्यार्थी मी ऐकलेत, ‘आय डू नॉट थिंक इट इज पॉसिबल, अँड आय विल एक्सप्लेन व्हाय इट इज नॉट’, ऐकताना रेल्वेची अनाउन्समेंट चाललीय असं वाटतं. तोंडी परीक्षा, इंटरव्ह्यू, वर्गातलं भाषण, सगळीकडे ‘डोन्ट’, ‘इट्स’, ‘आय’ल’ बिनदिक्कत चालतात. आणि ते चालतात म्हणूनच उघडं रूप राखून ठेवता येतं, जिथे ठासून सांगायचंय तिथे. ‘आय डिडन्ट टेक इट’ म्हणजे नुसती माहिती. ‘आय डिड नॉट टेक इट’ म्हणजे माणूस चिडलाय. मित्राला सहज म्हणून ‘आय डू नॉट नो’ असं सुटं सुटं म्हणालात तर तो विचारेल, काय झालं रे?

आता फ्रेजल व्हर्ब, म्हणजे क्रियापदाला ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ असं शेपूट लागून वेगळाच अर्थ तयार होतो ते. हे बहुतेक जुन्या इंग्रजीतल्या घरगुती शब्दांचे बनलेत. 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढे कितीतरी पिढ्या दरबार, कोर्ट, कारभार यात फ्रेंच आणि लॅटिन शब्द बसले. म्हणून ‘पुट ऑफ’ घरातला आणि ‘पोस्टपोन’ कचेरीतला, जसं आपल्याकडे ‘सुरुवात’ आणि ‘प्रारंभ’.

पण फ्रेजल दिसला की काढ, हा नियम खोटा आहे. ‘कॅरी आउट’ (प्रयोग, सर्वेक्षण करणे) आणि ‘पॉइंट आउट’ हे गंभीर लेखांत सर्रास येतात. ‘मेक अप’ बघा. ‘विमेन मेक अप हाफ ऑफ द ग्रुप’ हे निबंधात अगदी चालतं. ‘ही मेड अप अ स्टोरी’ इथे निबंधात ‘इन्व्हेंटेड’ बरं. आणि ‘दे मेड अप’ म्हणजे भांडण मिटलं, तिथे ‘रिकन्साइल्ड’. एकच फ्रेजल, अर्थ तीन, आणि दर्जाही वेगवेगळा. म्हणून पाठ केलेली जोड्यांची यादी दगा देते: ‘पुट ऑफ = पोस्टपोन’ एवढंच डोक्यात असलं की ‘द स्मेल पुट मी ऑफ’चं ‘द स्मेल पोस्टपोन्ड मी’ होतं, म्हणजे वासाने मला पुढच्या आठवड्यावर ढकललं!

बदलायचाच असेल तर शेपूट पूर्ण सोडा. ‘हँड इट इन’चं ‘सबमिट इट’ होतं, ‘सबमिट इट इन’ नाही. अशा फ्रेजलमध्ये ‘इट’ मध्ये बसतो (‘पुट ऑफ इट’ म्हणत नाहीत, ‘पुट इट ऑफ’), एका शब्दाचं क्रियापद घेतलं की तो निमूट मागे जातो: ‘पोस्टपोन इट’.

आता हे सगळं एका ईमेलमध्ये बघू. लॅपटॉप बंद पडलाय, प्रोजेक्ट उद्या द्यायचाय, सरांकडून मुदत वाढवून हवीय. पहिल्या झटक्यात लिहिलं जातं ते असं:

‘हाय सर, सॉरी बट आय कान्ट हँड इन द प्रोजेक्ट टुमॉरो कॉज माय लॅपटॉप ब्रोक डाउन. कॅन यू पुट ऑफ द डेडलाइन?’

मग कुणीतरी म्हणतं अरे फॉर्मल कर, आणि गाडी दुसऱ्या टोकाला जाते:

‘रिस्पेक्टेड सर, आय डू हिअरबाय काइंडली रिक्वेस्ट यू टू पोस्टपोन द डेडलाइन अ‍ॅज माय लॅपटॉप हॅज मालफंक्शन्ड.’

व्याकरण ठीक आहे, पण ‘हिअरबाय’ करारनाम्यात शोभतं, आणि लॅपटॉपबद्दल ‘मालफंक्शन्ड’ म्हटलं की मशीनचा रिपोर्ट वाटतो. शिवाय अर्थ घसरलाय. ‘पोस्टपोन द डेडलाइन’ म्हटलं की सगळ्या वर्गाची तारीख हलवा असं ऐकू येतं, पण मागणी तर फक्त स्वतःपुरती होती. मी असं लिहीन:

‘डिअर सर, आय अ‍ॅम रायटिंग टू आस्क इफ आय कुड सबमिट माय प्रोजेक्ट ऑन मंडे. माय लॅपटॉप स्टॉप्ड वर्किंग यस्टरडे, अँड आय हॅव नॉट बीन एबल टू रिकव्हर द फाइल. आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू.’

‘कान्ट’, ‘कॉज’, ‘हँड इन’ गेले. ‘कॅन’चा ‘कुड’ झाला, म्हणजे नम्रपणा क्रियापदातच आला आणि ‘काइंडली’ची गरज उरली नाही. ‘ब्रोक डाउन’ला एका शब्दाचा पर्याय शोधत बसलो नाही, ‘स्टॉप्ड वर्किंग’ हे साधं आणि नीट आहे. आणि ‘लुक फॉरवर्ड टू’ हा चक्क फ्रेजल तसाच ठेवला, कारण औपचारिक पत्राचा तो ठरलेला शेवट आहे. फक्त त्यात ‘टू’च्या पुढे ‘हिअर’ नाही, ‘हिअरिंग’ येतं, आणि ‘आय अ‍ॅम लुकिंग फॉरवर्ड’पेक्षा ‘आय लुक फॉरवर्ड’ थोडं जास्त औपचारिक लागतं.

निबंध ईमेलपेक्षा कडक, कारण तिथे समोर ओळखीचा माणूस नसतो. कॉन्ट्रॅक्शन्स बंद, अपवाद फक्त कुणाचं बोलणं अवतरणात दिलं असेल तर, तिथे तो माणूस जसा बोलला तसंच ठेवायचं. पण इथेही नुसतं उघडून भागत नाही. ‘देअर इजन्ट एनी प्रूफ’चं ‘देअर इज नॉट एनी प्रूफ’ केलं तर चुकलं काही नाही, तरी वाक्य अवघडून उभं राहतं. लिहिणारा सरळ ‘देअर इज नो प्रूफ’ लिहितो. तसंच ‘देअर आर नॉट मेनी स्टडीज’ऐवजी ‘देअर आर फ्यू स्टडीज’. ‘फ्यू’च्या आधी ‘अ’ घालू नका हं, ‘अ फ्यू’ म्हणजे थोडेतरी आहेत, अर्थ फिरतो. एक पूर्ण वाक्य घेऊ: ‘पीपल कान्ट पुट अप विथ द नॉइज अँड इट्स गोइंग अप’. निबंधात ‘रेसिडेंट्स कॅनॉट टॉलरेट द नॉइज, व्हिच इज इन्क्रीजिंग’. ‘पुट अप विथ’चे तीन शब्द जाऊन एक आला आणि ‘अँड’ने लोंबणारा तुकडा ‘व्हिच’ने आत घेतला. भाषणात हेच सांगायचं असेल तर मी पहिलंच वाक्य बोलेन, फक्त ‘कॅनॉट’ सुटं आणि ठासून.

निबंधात सर्वात जास्त डोळ्यात खुपतं ते मिश्रण. तीन परिच्छेद ‘कॅनॉट’, ‘डझ नॉट’ आणि चौथ्यात अचानक ‘डझन्ट’. परीक्षकाला वाटतं लक्ष उडालं. आणि ‘शुड ऑफ’ तर कुठेच नको. ते ‘शुड’व्ह’ कानाने ऐकून लिहिलेलं असतं, उघडलं की ‘शुड हॅव’, हे इन्फॉर्मल नाही, सरळ चूक आहे.

ईमेलचं मात्र एक वेगळं आहे, त्यात समोरून उत्तर येतं. सरांनी ‘नो प्रॉब्लेम, मंडे’ज फाइन’ असं लिहिलं, म्हणजे त्यांनी स्वतःच कॉलरचं बटण सैल केलं. आता पुन्हा ‘आय अ‍ॅम एक्स्ट्रीमली ग्रेटफुल’ नको. ‘थँक यू, सर. आय’ल सबमिट इट ऑन मंडे मॉर्निंग.’ आखूड केलं तरी चाललं, ‘सबमिट’ मात्र तसाच राहू दिला.