जीआर/आयआर खाते : महिनाअखेरची सफाई आणि जुन्या अडकलेल्या नोंदी

जीआर/आयआर खाते हे खरेदीच्या हिशेबातले मधले खाते. माल उतरवून स्टोअरने जीआरएन केली की साठा नावे पडतो आणि हे खाते जमा होते. पुढे लेखा विभागाने बिल चढवले की हेच खाते नावे पडते आणि पुरवठादार जमा होतो. माल आणि बिल वेगवेगळ्या दिवशी येतात आणि त्यांची नोंद वेगवेगळी माणसे करतात, म्हणून हे मधले घर लागते. एकाच ऑर्डरच्या एकाच ओळीवर दोन्ही बाजू सारख्या नगांनी आणि सारख्या रकमेने आल्या की त्या ओळीपुरते खाते शून्य होते. ज्या जीएसटीची वजावट मिळते ती रक्कम या खात्यातून जात नाही. इथे फक्त मालाची किंमत असते. या नोंदीत सॅपमधली कार्यपद्धती दिली आहे. तिथे जीआरएन `MIGO` मध्ये होते, बिल `MIRO` मध्ये.

शिल्लक वाचताना आधी बाजू बघावी. जमा शिल्लक म्हणजे माल आला, बिल चढले नाही. नावे शिल्लक म्हणजे बिल चढले, पण माल आला नाही, कमी आला किंवा परत गेला. खात्याची एकूण शिल्लक मात्र काहीच सांगत नाही. एका ओळीवर तीन लाख जमा आणि दुसरीवर तीन लाख नावे असतील तर एकूण शून्य दिसते आणि दोन्ही चुका झाकल्या जातात. म्हणून हे खाते नेहमी ऑर्डर क्रमांक आणि ओळ क्रमांक यांच्या जोडीने वाचतात.

महिनाअखेरचा क्रम

पहिले काम लेखा विभागात नसून गेटवर असते. महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत गेट एन्ट्री झालेल्या गाड्या आणि झालेल्या जीआरएन यांची यादी समोरासमोर ठेवायची. गाडी ३० तारखेला आत आली आणि जीआरएन २ तारखेला झाली, पण बिल मात्र ३० तारखेनेच चढले, तर महिनाअखेरीस खात्यात खोटी नावे शिल्लक उभी राहते. त्यानंतर पार्क करून ठेवलेली बिले पूर्ण करायची. बिल पार्क असेपर्यंत खात्यावर त्याचा काहीच परिणाम होत नाही, त्यामुळे माल बिलाविना पडून आहे असे वाटत राहते. `MRBR` मध्ये अडवलेली बिले वेगळी; ती खात्यात चढलेली असतात, फक्त त्यांचे पैसे थांबलेले असतात.

मग `F.13` चालवतात. `OB74` मध्ये ठरवलेल्या निकषांनुसार, बहुधा ऑर्डर आणि ओळ क्रमांकावर, ही आज्ञा नोंदींचे गट पाडते आणि ज्या गटाची बेरीज शून्य येते तो गट बंद करते. आधी चाचणी म्हणून चालवून यादी बघावी, मग प्रत्यक्ष. नव्या माणसाचा इथे हमखास गैरसमज होतो : `F.13` ने खात्याची शिल्लक एका पैशानेही बदलत नाही. जुळलेल्या नोंदी उघड्या यादीतून निघतात आणि न जुळलेल्या स्पष्ट दिसू लागतात, एवढेच तिचे काम. ती रोज रात्री आपोआप चालवली तर महिनाअखेरची यादी खूपच आटोपशीर होते.

उरलेल्यांसाठी `MB5S`. यात प्रत्येक ओळीवर आलेले नग, बिल झालेले नग आणि दोन्हींच्या रकमा शेजारी-शेजारी दिसतात. आधी नगांचा फरक बघावा, रुपयांचा नंतर. नग जुळत नसतील तर रुपये जुळवायला बसण्यात अर्थ नाही. ही यादी ऑर्डरच्या इतिहासावरून तयार होते आणि `FBL3N` ची यादी खतावणीवरून. दोन्हींच्या बेरजा जुळल्या नाहीत तर कोणीतरी या खात्यात हाताने जर्नल टाकले आहे, असा पहिला संशय घ्यावा. तसे होऊ नये म्हणून खात्याच्या मास्टरमध्ये फक्त आपोआप नोंदी घेण्याची खूण करून ठेवतात. ती खूण काढण्याची परवानगी कोणी मागितली तर आधी कारण लेखी घ्यावे.

माल आला, बिल नाही

या बाजूला पाठपुरावा म्हणजे पुरवठादाराला ‘बिल पाठवा’ असा मेल, एवढाच अर्थ बहुतेक ठिकाणी घेतला जातो. भारतात ही सुरुवात बहुधा चुकीची ठरते. जीएसटी कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे, माल हलवून पुरवायचा असेल तर माल निघण्यापूर्वी किंवा निघतानाच टॅक्स इनव्हॉइस तयार व्हायला हवे. मूळ प्रत खरेदीदारासाठी असते, दुसरी वाहतूकदारासाठी. म्हणजे माल आपल्या दारात आला तेव्हा बिल तयार झालेलेच असते. बहुतेक वेळा ते आपल्याच आवारात कुठेतरी अडकलेले असते. गेटच्या फाईलला, स्टोअरच्या ट्रेमध्ये, तपासणी विभागात, किंवा खरेदीवाल्याच्या मेलमध्ये.

म्हणून आधी जीएसटीआर-२बी उघडावा. तो दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होतो. पुरवठादाराच्या जीएसटीआयएनवर गाळणी लावून जीआरएनच्या तारखेच्या आसपासची, करपात्र रक्कम जुळणारी बिले बघायची. बिल तिथे सापडले तर क्रमांक आणि तारीख हाती येते आणि शोध आपल्याच कार्यालयात घ्यायचा हे कळते. ते क्रमांकासह मागितले तर पुरवठादाराकडून प्रतही लगेच मिळते. तिथे नसेल तर माल डिलिव्हरी चलनावर आला होता का, जॉबवर्कचा होता का, नमुना म्हणून फुकट आला होता का, हे खरेदीवाल्याला विचारावे. तिथे असूनही `MIRO` मध्ये दुसऱ्याच ऑर्डरवर चढले असेल, तर तितक्याच रकमेची नावे शिल्लक त्याच पुरवठादाराच्या दुसऱ्या ओळीवर दिसते. अशी जोडी `MR8M` ने बिल रद्द करून योग्य ओळीवर पुन्हा चढवूनच सोडवावी.

या शोधाला मुदत आहे. कलम १६(४) प्रमाणे २०२४-२५ मधल्या बिलाची जीएसटी वजावट ३० नोव्हेंबर २०२५ पर्यंत किंवा वार्षिक विवरण भरण्याची तारीख, यातल्या आधीच्या तारखेपर्यंतच घेता येते. सप्टेंबरपासून मागील वर्षाच्या जमा नोंदींना पहिला मान द्यावा तो यासाठी.

वाहतूक भाड्याच्या नोंदी याच कुटुंबातल्या. ऑर्डरमध्ये भाड्याची अट घातली असेल तर जीआरएनच्या वेळी भाड्याच्या मधल्या खात्यात वेगळी रक्कम जमा होते. वाहतूकदाराचे बिल मात्र `FB60` ने सरळ भाडे खर्चात चढवले जाते. खर्च दोनदा धरला जातो आणि मधल्या खात्यात रक्कम तशीच राहते.

एक उदाहरण : परत गेलेले वीस नग

कास्टिंगची ऑर्डर, ओळ १०, ५०० नग, दर २४० रुपये. जीआरएन ५०० नगांची झाली. खाते १,२०,००० रुपयांनी जमा. बिल ५०० नगांचे चढले, खाते शून्य. मग तपासणीत २० नग नापास झाले आणि हालचाल प्रकार `122` ने परत गेले. साठा ४,८०० रुपयांनी कमी झाला आणि जीआर/आयआर खाते ४,८०० ने नावे पडले. `MB5S` मध्ये आता आलेले ४८०, बिल ५००.

इथून दोन वाटा फुटतात. लेखा विभागाने पुरवठादाराला डेबिट नोट दिली : ४,८०० अधिक १८ टक्के जीएसटी ८६४, एकूण ५,६६४ रुपये. पण ती `FB65` मध्ये चढवली आणि ४,८०० रुपये ‘खरेदी परतावा’ या खात्यात जमा केले. पुरवठादाराचा हिशेब अगदी बरोबर झाला, त्यामुळे कोणाची तक्रार येणार नाही. जीआर/आयआर मध्ये मात्र ४,८०० नावे अडकून राहिले. सहा महिन्यांनी कोणीतरी ही जुनी ओळ बघून `MR11` ने साफ करते. बदलत्या सरासरी दराचा माल असेल आणि ४८० नग अजून साठ्यात असतील, तर ते ४,८०० रुपये साठ्यात जाऊन बसतात : साठा १,१५,२०० वरून १,२०,००० आणि दर २४० वरून २५०. नापास होऊन परत गेलेल्या मालाची किंमत चांगल्या मालावर चढली, आणि ज्या खात्यात ती वजा व्हायला हवी होती त्याच्या ऐवजी खरेदी परताव्यात फुकटची जमा राहिली.

योग्य वाट म्हणजे `MIRO` मध्येच त्याच ऑर्डरच्या संदर्भाने २० नगांचा क्रेडिट मेमो चढवणे. त्याने खाते ४,८०० ने जमा होते, बिल झालेले नग ४८० होतात आणि पुढच्या `F.13` मध्ये ओळ बंद होते. `FB65` आधीच झाले असेल तर ते उलटवून मग हे करावे. त्याच पडद्यावर नंतरच्या रकमेचा क्रेडिट, म्हणजे सब्सिक्वेंट क्रेडिट, असाही पर्याय असतो. तो दरातल्या फरकासाठी आहे. तो निवडला तर फक्त रक्कम बदलते, नग ५०० च राहतात, आणि २० नगांचा फरक यादीत कायम राहतो.

नावे बाजूच्या नोंदींना करांचीही एक कड आहे. कलम १६(२)(ब) प्रमाणे माल मिळाल्याशिवाय वजावट घेता येत नाही, आणि एका बिलाचा माल हप्त्याहप्त्याने येत असेल तर शेवटचा हप्ता आल्यावरच ती घेता येते. बिल चढले पण माल नाही, अशी प्रत्येक ओळ म्हणूनच कर बघणाऱ्याला त्याच महिन्यात दाखवावी.

`MR11` कधी

`MR11` हे झाडण्याचे नव्हे, शेवटचे हत्यार आहे. ऑर्डरवर आता ना माल येणार ना बिल, हे ठरल्यावरच उरलेला नगांचा फरक त्याने मिटवावा. फरक कुठे जाईल हे मालावर ठरते : सरासरी दराचा माल साठ्यात असेल तर साठ्यात, प्रमाण दराचा असेल तर किंमत-फरक खात्यात, खर्चाच्या केंद्रासाठी मागवलेला असेल तर त्या केंद्राच्या खर्चात. निवड-पडद्यावर शेवटच्या हालचालीची तारीख आणि फरकाची बाजू, म्हणजे माल जास्त की बिल जास्त, हे दोन्ही भरावे. दोन्ही बाजू एकत्र चालवल्या की मोठ्या चुका एकमेकींआड लपतात. लहान रकमांसाठी मर्यादा ठरवून घेता येते. तिच्यावरच्या प्रत्येक ओळीला खरेदी आणि लेखा दोघांची सही हवी.

जमा नोंद मिटवणे म्हणजे उभे केलेले देणे पुसून टाकणे. मुदतीच्या कायद्याप्रमाणे पुरवठादार साधारण तीन वर्षे पैसे मागू शकतो, त्यामुळे बिल कधीच येणार नाही याचा लेखी आधार फाईलला लागतो. उशिरा बिल आलेच तर आधी `MR11SHOW` मधून ती सफाई रद्द करावी, मगच `MIRO`. थेट चढवले तर प्रणालीला त्या ओळीवर बिलाविना उरलेला मालच दिसत नाही आणि उलट्या बाजूची नवी नोंद तयार होते.

जे उरते ते

उरलेल्या ओळींचे वय शेवटच्या हालचालीपासून मोजतात, ऑर्डरच्या तारखेपासून नाही. वर्षभराच्या खुल्या ऑर्डरवर कालच आलेला माल नाहीतर जुना दिसेल. प्रत्येक ओळीसमोर कारण आणि ज्याच्याकडे काम आहे त्याचे नाव लिहावे. ‘पुरवठादाराकडे प्रलंबित’ हे कारण धरू नये. कोणता कागद, कोणाकडून, कोणत्या तारखेपर्यंत, इतके लिहिले तरच पुढच्या महिन्यात यादी लहान होते.

ताळेबंदासाठी `F.19` चालवून शिल्लक दोन भागांत वेगळी दाखवतात : माल आला पण बिल नाही ती देण्यांकडे, बिल आले पण माल नाही ती येण्यांकडे. ही नोंद पुढच्या महिन्याच्या १ तारखेला आपोआप उलटते. १ एप्रिल २०२१ पासून कंपनी कायद्याच्या परिशिष्ट ३ मध्ये व्यापारी देण्यांचे वय दाखवताना बिल न झालेली देणी वेगळी सांगावी लागतात. लेखापरीक्षक तो आकडा याच यादीशी ताडून बघतात आणि पहिला प्रश्न सर्वांत जुन्या ओळीवर विचारतात.