व्हॅना आणि चार्म

ऑप्शनचा डेल्टा इम्प्लाइड व्होलॅटिलिटीबरोबर, म्हणजे बाजाराच्या बोलीतील आयव्हीबरोबर, किती बदलतो याचे माप म्हणजे व्हॅना आणि निव्वळ दिवस सरल्याने तो किती बदलतो याचे माप म्हणजे चार्म. मूळ भाव हलल्यावर डेल्टा बदलतो हे गॅमामुळे सर्वांच्या लक्षात येते. परंतु भाव जागच्या जागी असतानाही डेल्टा सरकत असतो, आणि हेज बिघडल्याचे अनेकदा उशिरा कळते ते यामुळेच.

निफ्टी २५,००० वर आहे, एक्सपायरीला १० दिवस आहेत आणि २५,५०० च्या कॉलची आयव्ही १२ टक्के आहे असे समजू. व्याज शून्य धरल्यास ब्लॅक-शोल्स सूत्राने या कॉलचा डेल्टा सुमारे ०.१६ येतो. आयव्ही १८ टक्क्यांवर गेली, तर निफ्टी न हलताही तो ०.२६ होतो. उलट आयव्ही १२ टक्केच राहून चार दिवस गेले तर तो ०.१० वर येतो, आणि तीनच दिवस उरले असता जेमतेम ०.०३५ राहतो. ज्याने असे १०,००० कॉल विकून १,६०० निफ्टीइतके फ्युचर्स घेतले होते, त्याच्याकडे चार दिवसांनी सुमारे ६०० जास्तीचे उरतात. ते विकले नाहीत आणि निफ्टी १०० अंकांनी पडला, तर केवळ या जास्तीच्या भागावर ६०,००० रुपयांचा तोटा होतो.

दोन्ही परिणामांचे मूळ एकच आहे. सूत्रात आयव्ही आणि मुदत वेगवेगळी नव्हे, तर आयव्ही गुणिले मुदतीचे वर्गमूळ अशी एकत्र येतात. म्हणून दहापैकी एक दिवस सरणे आणि आयव्ही १२ वरून सुमारे ११.४ टक्क्यांवर येणे यांचा डेल्टावर सारखाच परिणाम होतो. दोनच दिवस उरलेले असताना मात्र तोच एक दिवस आयव्ही १२ वरून ८.५ टक्क्यांवर कोसळण्याइतका भारी पडतो.

सरकण्याची दिशा स्ट्राइकवर ठरते. आउट ऑफ द मनी कॉलचा डेल्टा शून्याकडे, तर इन द मनी कॉलचा एककडे जातो: वरील उदाहरणात २४,५०० च्या कॉलचा डेल्टा दहा दिवस असताना ०.८५ आणि तीन दिवस असताना ०.९७ असतो. भावाला अगदी लागून असलेल्या आणि फार दूरच्या स्ट्राइकवर दोन्ही मापे नगण्य असतात. व्हॅना सर्वाधिक असतो तो साधारण ०.१६ आणि ०.८४ डेल्टाच्या आसपास.

व्यवहारात ही गणिते सावधपणे वापरावी लागतात, कारण निर्देशांक पडला की आयव्ही बहुधा चढते आणि प्रत्येक स्ट्राइकची आयव्ही सारखी हलत नाही. शिवाय शनिवार-रविवार पूर्ण दिवस धरायचे की नाही यावर सोमवारचा चार्म अवलंबून असतो, आणि सॉफ्टवेअर तो आकडा दर दिवसाचा देते की दर वर्षाचा, हे आधी पाहून घ्यावे.