आरओआय आणि रेसिड्युअल इन्कम (डिव्हिजन हेडच्या कामाचं मोजमाप)

मोठ्या कंपनीतल्या एखाद्या डिव्हिजनच्या हेडने किती चांगलं काम केलं हे ठरवायची दोन मापं. आरओआय म्हणजे डिव्हिजनचा नफा भागिले तिच्यात गुंतवलेलं भांडवल, टक्क्यांत. रेसिड्युअल इन्कम (शेष उत्पन्न) म्हणजे त्याच नफ्यातून भांडवलावरचा ठरलेला खर्च वजा करून उरलेली रक्कम, रुपयांत.

आरओआयचा उगम बऱ्यापैकी पक्का आहे. अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीत डोनाल्डसन ब्राउन यांनी १९१२ च्या सुमारास नफ्याचं प्रमाण गुणिले भांडवलाची उलाढाल अशी फोड करून हे माप बसवलं आणि १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला ते स्वतः जनरल मोटर्समध्ये गेले तसं ते मापही तिकडे गेलं. रेसिड्युअल इन्कमबद्दल मात्र एकमत नाही. काही जण मुळं आल्फ्रेड मार्शलपर्यंत नेतात, कारण मालकाच्या नफ्यातून भांडवलावरचं व्याज वजा केल्यावर उरते ती त्याच्या व्यवस्थापनाची कमाई, असं त्यांनी १८९० मध्येच मांडलं होतं. पण तिथे डिव्हिजन नाही, मॅनेजर नाही, तो अर्थशास्त्राचा विचार आहे. मॅनेजरला मोजायचं रोजच्या वापरातलं माप म्हणून बघायचं तर १९५० च्या दशकातल्या जनरल इलेक्ट्रिकला श्रेय देणं जास्त पटतं, जरी जनरल मोटर्सच्या बोनस योजनेत भांडवलावरचा ठरावीक परतावा आधी बाजूला काढायची पद्धत त्याच्याही आधीची असली तरी. स्टर्न स्टुअर्ट या सल्लागार फर्मने १९९० च्या आसपास ईव्हीए, म्हणजे इकॉनॉमिक व्हॅल्यू ॲडेड, या नावाने जे आणलं ते मुळात हेच, फक्त हिशोबात बऱ्याच दुरुस्त्या करून.

आरओआयची ठळक अडचण अशी. समजा डिव्हिजनमध्ये १० कोटी गुंतलेत, नफा २ कोटी, म्हणजे आरओआय २० टक्के, आणि कंपनीला भांडवल १२ टक्क्यांना पडतं. आता २ कोटींचा नवा प्रोजेक्ट आला, तो वर्षाला ३२ लाख देणार, म्हणजे १६ टक्के. कंपनीला हा हवाच, पण घेतला तर डिव्हिजनचा आरओआय १९.३ वर येतो, आणि बोनस आरओआयवर असेल तर हेड तो प्रस्ताव वर पाठवतच नाही. उलट १५ टक्के कमावणारी जुनी मालमत्ता विकून टाकली की आकडा वर जातो, तेव्हा विकायचा मोह होतो. रेसिड्युअल इन्कमने हे सुटतं: भांडवलावरचे १२ टक्के वजा केले तर आधी ८० लाख, प्रोजेक्टनंतर ८८ लाख, म्हणजे हेडचं आणि कंपनीचं हित एकाच दिशेला.

पण म्हणून रेसिड्युअल इन्कम निर्दोष आहे असं पुस्तकांत कधीकधी सुचवलं जातं ते बरोबर नाही. १ कोटीचं मशीन घ्या, आयुष्य ५ वर्षं, दरवर्षी ३० लाख रोख देतं, घसारा सरळ पद्धतीने २० लाख, म्हणून नफा १० लाख. १२ टक्क्यांनी आजच्या किमतीत हिशोब केला तर हे मशीन कंपनीच्या पदरात साधारण ८.१ लाख जास्तीचे टाकतं, म्हणजे घ्यायलाच हवं. तरी पहिल्या वर्षाचं रेसिड्युअल इन्कम उणे २ लाख येतं, कारण भांडवलावरचा १२ टक्के खर्च पूर्ण १ कोटीवर लागतो, आणि पुढे पुस्तकी किंमत उतरत जाते तसं ते वाढत पाचव्या वर्षी ७.६ लाख होतं. आरओआय याच मशीनवर १० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर चढतो, काम तेच, फक्त मशीन जुनं झालं म्हणून. दोन वर्षांत बदली होणार असलेला हेड दोन्ही मापांत नवीन मशीन टाळतो आणि जुन्यावरच ओढतो. हे ओळखायचं असेल तर नफा जागच्या जागी असून आकडा दरवर्षी सुधारतोय का आणि मालमत्तेचं सरासरी वय वाढतंय का, हे एकत्र बघावं.

यावर तोडगा म्हणजे ॲन्युइटी घसारा. त्यात सुरुवातीला घसारा कमी आणि नंतर जास्त धरतात, जेणेकरून घसारा आणि भांडवलावरचा खर्च मिळून दरवर्षी सारखेच, इथे २७.७ लाख पडतात आणि रेसिड्युअल इन्कम पाचही वर्षं सुमारे २.३ लाख राहतं. रोख समान येत नसेल तर मात्र हेही तंतोतंत बसत नाही.

आणखी एक, रेसिड्युअल इन्कम रुपयांत असल्यामुळे मोठ्या डिव्हिजनला आपोआप झुकतं माप मिळतं. त्याच १२ टक्क्यांनी १०० कोटींवर १३ टक्के कमावणारी १ कोटी दाखवते, ५ कोटींवर २५ टक्के कमावणारी ६५ लाखच. म्हणून डिव्हिजनची एकमेकींशी तुलना न करता प्रत्येकीची तिच्या स्वतःच्या बजेटशी करतात.

भारतात गोदरेज समूहाने २००० नंतर मॅनेजरांचा बदलता पगार ईव्हीएशी जोडला. ॲन्युइटी घसाऱ्याचा वापर कमीच दिसतो, कारण वैधानिक हिशोबाचा घसारा वेगळा आणि मॅनेजरला मोजायचा वेगळा अशा दोन वह्या त्यासाठी सांभाळाव्या लागतात.