तरंगणारा चेंडू आणि ऋण तीनचे वर्गमूळ

पाण्याच्या एक चतुर्थांश घनता असलेला एक भरीव गोळा पाण्यात सोडला, तर तो किती बुडेल? बुचाची घनता साधारण एवढीच असते, त्यामुळे मनात बुचाचा गोळा आणायला हरकत नाही. अर्किमिडीजच्या तत्त्वानुसार गोळ्याच्या एकूण आकारमानाचा एक चतुर्थांश भाग पाण्याखाली जाणार, हे उघड आहे. पण आकारमानाचा चतुर्थांश म्हणजे उंचीचा चतुर्थांश नव्हे, कारण गोळा तळाशी निमुळता असतो. बुडालेली खोली मात्र आपल्याला उंचीत हवी आहे.

गोळ्याची त्रिज्या १ धरू आणि बुडालेल्या भागाची खोली h. अशा टोपीसारख्या तुकड्याचे आकारमान πh²(3 − h)/3 असते आणि पूर्ण गोळ्याचे 4π/3. पहिले दुसऱ्याच्या एक चतुर्थांश असायला हवे. सगळे आवरून लिहिले की उरते:

h³ − 3h² + 1 = 0

हे त्रिघाती समीकरण आहे. त्यातले h² चे पद काढून टाकायची युक्ती जुनी आहे: h = 1 + y असे लिहायचे. भौतिक अर्थाने y म्हणजे पाण्याची पातळी गोळ्याच्या केंद्रापेक्षा किती वर आहे; ऋण आली तर खाली. विस्तार केल्यावर समीकरण असे होते:

y³ = 3y + 1

याला मुळे किती? डावी-उजवी बाजू ताडून पाहिली तर y = −2 ला y³ − 3y ची किंमत −2 येते, y = −1 ला 2, y = 1 ला परत −2 आणि y = 2 ला 2. म्हणजे −2 ते 2 या पट्ट्यात आलेख चढतो, उतरतो आणि पुन्हा चढतो. प्रत्येक चढ-उतारात तो 1 ही किंमत एकदा ओलांडतो. मुळे तीन, तिन्ही वास्तव, आणि तिन्ही −2 व 2 यांच्या मध्ये. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे सगळे तिच्यावरच अवलंबून आहे.

आता सूत्राकडे वळू. त्रिघाती समीकरणाचे करणीतले सूत्र जिरोलामो कार्दानोने १५४५ साली छापले. ते त्याला तार्तालियाकडून कळले होते आणि त्याआधी देल फेर्रोने शोधले होते. त्या तिघांमधला श्रेयाचा वाद सुरस असला तरी इथे बाजूला ठेवू. सूत्रामागची कल्पना साधी आहे. उत्तर y हे दोन संख्यांची बेरीज आहे असे माना, y = u + v. घन केला तर

(u + v)³ = 3uv(u + v) + u³ + v³

येते. याची आपल्या समीकरणाशी तुलना केली की काय हवे ते दिसते: uv = 1 आणि u³ + v³ = 1. मग u³ आणि v³ या दोन संख्यांची बेरीज १ आणि गुणाकारही १. अशा संख्या t² − t + 1 = 0 या वर्गसमीकरणातून मिळतात आणि तिथेच गाडी अडते, कारण

u³, v³ = (1 ± √−3)/2

तीन सरळ, वास्तव उत्तरे असलेल्या समीकरणाच्या सूत्रात ऋण तीनचे वर्गमूळ आले. गोळ्याच्या बुडण्यात काल्पनिक असे काहीच नाही. मग हे कुठून आले?

बऱ्याच पुस्तकांत इथे विवेचकाचे चिन्ह तपासून पुढे जातात. माझ्या मते त्यात कारण कळत नाही, फक्त कधी घडते ते कळते. कारण u आणि v कडूनच समजते. u आणि v वास्तव असतील आणि त्यांचा गुणाकार १ असेल, तर त्यांची बेरीज एक तर २ किंवा जास्त असते, नाही तर −२ किंवा त्याहून कमी. २ आणि १/२ घेतले तर अडीच, ३ आणि १/३ घेतले तर सव्वातीनहून अधिक; दोन्ही १ घेतले तर नेमके २. त्याखाली जाताच येत नाही. आणि आपली तिन्ही मुळे तर −2 ते 2 च्या आत आहेत! म्हणजे ज्यांचा गुणाकार १ आहे अशा दोन वास्तव संख्यांची बेरीज म्हणून ती लिहिताच येणार नाहीत. y चे u आणि v असे दोन तुकडे करायचे आपणच ठरवले, uv = 1 ही अटही आपणच घातली. ती अट वास्तव संख्यांच्या जगात पुरी होत नाही, म्हणून तुकडे संमिश्र संख्यांत जातात. त्यांची बेरीज मात्र वास्तवच राहते.

उलट बाजूही पाहू. y³ = 3y + 18 या समीकरणाचे मूळ ३ आहे, ते २ च्या बाहेर पडते. इथे u³ आणि v³ येतात 9 ± 4√5, म्हणजे साधारण १७.९४४ आणि ०.०५६. त्यांची घनमुळे २.६१८ आणि ०.३८२, बेरीज बरोबर ३. कुठेही अडचण नाही. पण या समीकरणाला वास्तव मूळ एकच आहे. सूत्र सुरळीत चालते ते एकच वास्तव मूळ असताना. तीन असली की अडते.

बरे, मग संमिश्र संख्येचे घनमूळ काढून टाकू या आणि काल्पनिक भाग एकमेकांना छेदू देऊ. राफाएल बॉम्बेलीने १५७२ साली नेमके हेच केले. त्याचे समीकरण होते x³ = 15x + 4. सूत्रातून येते 2 + √−121 चे घनमूळ, आणि त्याने दाखवले की ते 2 + √−1 आहे. जोडीदार 2 − √−1. बेरीज ४, जे समीकरणाचे खरेच मूळ आहे. आपल्या समीकरणावर हा मार्ग वापरून पाहू. (1 + √−3)/2 चे घनमूळ a + b√−1 आहे असे धरा. uv = 1 या अटीमुळे a² + b² = 1 मिळते, आणि घनाचे वास्तव भाग जुळवले की

4a³ − 3a = 1/2

आता a म्हणजे y चा निम्मा भाग आहे, म्हणून a = y/2 ठेवा. हाती येते y³ − 3y = 1. जिथून निघालो तिथेच परत! घनमूळ काढायला जे समीकरण सोडवावे लागते ते मूळचेच समीकरण आहे. बॉम्बेलीचे जमले, कारण तिथे ४ हे पूर्णांक मूळ होते आणि त्यामुळे घनमूळही नीटस होते.

पण वरचे 4a³ − 3a हे रूप त्रिकोणमिती शिकलेल्याच्या ओळखीचे आहे. cos 3θ = 4cos³θ − 3cos θ. फ्रान्स्वा व्हिएतने सोळाव्या शतकाच्या अखेरीस याच ओळखीचा उपयोग केला. त्याची ही रीत छापून आली १६१५ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. आपल्या समीकरणात y = 2cos θ ठेवा. मुळे −2 ते 2 च्या आत आहेत, म्हणून असा θ नक्कीच मिळतो. करणीच्या सूत्राला जी गोष्ट अडवत होती तीच इथे वाट मोकळी करते. मग

y³ − 3y = 2cos 3θ = 1

म्हणजे cos 3θ = 1/2, म्हणजे 3θ = 60°. पण ज्याचा कोसाइन अर्धा आहे असा कोन ६०° एवढाच नाही. ४२०° आणि ७८०° सुद्धा चालतात. तिसरा भाग घेतला की θ = 20°, 140°, 260°, आणि मुळे:

2cos 20° ≈ 1.8794
2cos 140° ≈ −1.5321
2cos 260° ≈ −0.3473

समीकरणात y² चे पद नाही, म्हणून मुळांची बेरीज शून्य यायला हवी. ती येते. गुणाकार १ यायला हवा, तोही येतो. कॅल्क्युलेटर रेडियनवर राहिला असेल तर ही तपासणी लगेच फसते, म्हणून ती करावीच.

आता गोळा. h = 1 + y, तेव्हा तीन खोल्या मिळतात: २.८७९४, −०.५३२१ आणि ०.६५२७. पहिली गोळ्याच्या व्यासापेक्षा मोठी, दुसरी ऋण; दोन्ही निरुपयोगी. टोपीच्या आकारमानाचे सूत्र गोळ्याबाहेर गेल्यावर आकारमान सांगायचे थांबते, पण समीकरणाला ते कळत नाही. खरे उत्तर ०.६५२७, म्हणजे त्रिज्येच्या दोन तृतीयांशाहून किंचित कमी. 0.6527² × 2.3473 केले की १ येतो, हिशेब जुळला.

घनता पाण्याच्या s पट असेल तर याच पायऱ्यांनी cos 3θ = 1 − 2s मिळते. गोळा तरंगतो तेव्हा s शून्य आणि एक यांच्या मध्ये असतो, म्हणून उजवी बाजू −१ आणि १ यांच्या मध्येच राहते. म्हणजे तरंगणाऱ्या प्रत्येक गोळ्याचे समीकरण तीन वास्तव मुळांचे असते. कुठलाही गोळा घ्या, कार्दानोचे सूत्र संमिश्र संख्यांतूनच जाणार. आणि उपयोगी मूळ नेहमी तिसरेच, कारण तिसरा θ २४०° ते ३००° मध्ये पडतो आणि y −१ ते १ मध्ये. गुणक वेगळे असले तर थोडे माप बदलावे लागते: p धन असेल तर y³ = py + q साठी y = 2√(p/3) cos θ. त्यातून आलेली cos 3θ ची किंमत १ पेक्षा मोठी किंवा −१ पेक्षा लहान निघाली, तर वास्तव मूळ एकच आहे असे समजावे आणि कार्दानोचे सूत्र वापरावे.

सूत्र आणि कोन यांचा मेळ आता दिसतो. (1 + √−3)/2 ही संमिश्र संख्या म्हणजे cos 60° + √−1 sin 60°. अशा संख्येचे घनमूळ काढणे म्हणजे कोनाचे तीन भाग करणे: u चा कोन २०°, v चा −२०°, काल्पनिक भाग छेदले जातात, बेरीज 2cos 20°. संगणकावर सूत्र वापरताना एक चूक इथे सहज होते. प्रत्येक घनमुळाला तीन पर्याय असतात, त्यामुळे जोड्या नऊ होतात; पण uv = 1 पाळणाऱ्या जोड्या तीनच. u चा कोन २०° आणि v चा १००° घेतला तर उत्तरात काल्पनिक भाग उरतो. तो दिसला की जोडी चुकली असे समजावे. v स्वतंत्रपणे न काढता 1/u घेतला तर हा प्रश्नच येत नाही.

एखादी हुशार पुनर्मांडणी करून ऋण वर्गमूळ टाळता येईल का? पियेर वाँत्सेलने १८४३ साली सिद्ध केले की परिमेय गुणकांच्या त्रिघाती समीकरणाला तीन वास्तव मुळे असतील आणि त्यांतले एकही परिमेय नसेल, तर फक्त वास्तव संख्यांच्या करणी वापरून ती मुळे लिहिताच येत नाहीत. आपले y³ = 3y + 1 असेच आहे. १८३७ साली त्यानेच पट्टी आणि कंपासने सर्वसाधारण कोनाचे त्रिभाजन अशक्य असल्याचे दाखवले होते, आणि ६०° च्या कोनासाठी त्या सिद्धतेत येणारे समीकरणही हेच.

परिमेय मूळ असले तर सुटका होते, पण सूत्राची नव्हे. घनता पाण्याच्या ५/३२ पट घ्या. समीकरण होते y³ = 3y + 11/8, आणि y = −1/2 हे त्याचे मूळ आहे: गोळा त्रिज्येच्या बरोबर निम्मा बुडतो. तरीही कार्दानोच्या सूत्रात (11 ± √−135)/16 ची घनमुळे येतात. ती (−1 ± √−15)/4 आहेत, फक्त वरच्या + ला खालचा − जुळतो. घन करून पडताळता येते, आणि दोघांची बेरीज −1/2.