ट्यूबची टोकं लाल, मधे अंधार: स्टार्टर, चोक आणि सैल होल्डरची पार्श्वभूमी

उशिरा समजणाऱ्या माणसाला आपण ‘ट्यूबलाईट’ म्हणतो. हा उशीर खरं तर ट्यूबचा नसून स्टार्टरचा आहे, आणि पट्टीतले बहुतेक बिघाडही त्या दोन-तीन सेकंदांतच कळतात.

जर्मनीत एडमंड गेर्मर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 1926 मध्ये अशा दिव्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. 1938 मध्ये अमेरिकेत तो दुकानांत विकायला आला. अडचण सुरुवातीपासून एकच होती. थंड ट्यूबमधल्या वायूतून 230 व्होल्टवर करंट सुरू होत नाही, आणि एकदा सुरू झाला की आवरत नाही. त्यामुळे दोन नोकर ठेवावे लागले: पेटवायला स्टार्टर आणि आवरायला चोक.

स्टार्टरच्या डबीत काचेची इवलीशी बाटली असते. तिच्यात वायू भरलेला असतो आणि दोन धातूंची एक वाकणारी पत्ती असते. बटण दाबलं की बाटलीत मंद प्रकाश पडतो, त्या उष्णतेने पत्ती वाकून समोरच्या टोकाला चिकटते. आता करंट ट्यूबच्या दोन्ही टोकांच्या फिलामेंटमधून जातो आणि टोकं लालसर होतात. पत्ती चिकटल्यामुळे बाटलीतला प्रकाश विझतो, सेकंदभरात पत्ती थंड होऊन सुटते. सुटताना चोकमधला करंट अचानक तुटतो, त्याच्या झटक्याने शेकडो व्होल्टचा दाब तयार होतो आणि ट्यूब पेटते. पेटलेल्या 40 वॅटच्या ट्यूबवर साधारण 100 व्होल्टच उरतात. तेवढ्यावर स्टार्टर पुन्हा जागा होत नाही.

एवढं लक्षात ठेवलं की लक्षणं वाचता येतात. टोकं सतत लाल आणि मधे अंधार असेल, तर पत्ती सुटत नाही: ती चिकटून बसली आहे किंवा डबीतला छोटा कंडेन्सर शॉर्ट झाला आहे. कोरड्या हाताने, लाकडी स्टुलावर उभं राहून, स्टार्टरची प्लॅस्टिकची टोपी धरून पाव वळसा डावीकडे फिरवा आणि तो बाहेर काढा. डबी पत्र्याची असेल तर आधी मेन बंद करा आणि सरळ नवा स्टार्टर लावून बघा. स्टार्टर काढताक्षणी ट्यूब पेटली, तर दोष त्याचाच. त्याच्यासाठी चोक बदलणं म्हणजे पैसे पाण्यात.

ट्यूब ठरावीक लयीत पेटते-विझते आणि टोकं काळी पडली आहेत, तेव्हा ट्यूबच संपत आलेली असते. फिलामेंटवरचा लेप उडाला की ट्यूबला जास्त व्होल्ट लागतात. ते स्टार्टरला पुरतात, तो पुन्हा जागा होतो आणि सगळा खेळ पहिल्यापासून सुरू होतो. अशा ट्यूबखाली नवा स्टार्टरही लवकरच चिकटतो.

सैल होल्डरला मात्र लय नसते. पट्टीला हलकी टिचकी मारली की फडफड बदलते, किंवा ट्यूब किंचित फिरवली की एकदम पेटते. मेन बंद करून, ट्यूब काढून पिना पुसाव्यात आणि होल्डरमधल्या पितळी पत्त्या जरा आत दाबाव्यात. प्लॅस्टिक तडकलेला होल्डर बदललेलाच बरा.

आपल्याकडे चौथा गुन्हेगारही आहे. लातूर-बीडकडच्या वस्तीवर डीपीपासून शेवटच्या खांबावरचं घर घ्या. उन्हाळ्यात संध्याकाळी कूलर आणि पंप चालू झाले की तिथे 160-170 व्होल्टच भरतात. स्टार्टरची पत्ती कशीबशी चिकटते, पण झटका कमी पडतो, म्हणून ट्यूब अर्धा तास लुकलुकते. रात्री अकरानंतर तीच ट्यूब एका दमात पेटते. दुकानदार स्टार्टर देतो, मग ट्यूब देतो, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तेच. वरून या लुकलुकण्याने फिलामेंटचा लेप झडतो आणि चांगली ट्यूबही लवकर मरते. अशा घरात इलेक्ट्रॉनिक चोक बसवला की स्टार्टर लागत नाही. तो हजारो हर्ट्झवर चालतो आणि बऱ्याच कमी व्होल्टवरही ट्यूब पेटवतो.

लोखंडी चोक खरोखर गेला असेल तर खूण वेगळी असते. वायर तुटली असेल, तर टोकंही लाल होत नाहीत, सगळं मुकं. आतला शॉर्ट असेल, तर जळका वास येतो आणि नवी ट्यूब क्षणभर झगमगून दोन्ही टोकांनी जळते. म्हणून लागोपाठ दुसरी ट्यूब गेली, तर तिसरी लावायच्या आधी चोक सोडवून 100 वॅटच्या साध्या बल्बशी सिरीजमध्ये तपासावा. बल्ब मंद पेटला तर चोक ठीक. पूर्ण तेजाने पेटला तर चोक शॉर्ट आहे, पेटलाच नाही तर आतली वायर तुटली आहे.