सूज ओसरलेली हिरडी आणि मागे सरलेली हिरडी

‘सिगरेट सोडली, दात साफ करून घेतले आणि दात लांब दिसायला लागले. डॉक्टरांनीच हिरड्या खरवडल्या!’ ही तक्रार ऐकून ऐकून कान किटले आहेत.

सिगरेट सोडल्यावर जिभेवरचा थर आणि तोंडाचा वास यांचं काय होतं, याबद्दल फार गोंधळ नाही. धुराचा वास सिगरेट थांबल्यावर जातो. जिभेच्या मागच्या भागातला पिवळट-तपकिरी थर रोज टंग क्लीनरने काढला की काही आठवड्यांत जीभ गुलाबी होते. खरवडूनही न निघणारा पांढरा चट्टा मात्र थर नव्हे; दोन आठवडे टिकला तर तो दाखवायलाच हवा. जीभ स्वच्छ असूनही वास येत असेल, तर तो बहुधा हिरडीखालून येतो. माउथवॉश तिथवर पोचत नाही, त्यामुळे बाटल्यांवर पैसे घालवणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

खरी गफलत हिरडीखालीच आहे. दात आणि हिरडी यांच्यातल्या फटीला पॉकेट म्हणतात. निरोगी पॉकेट साधारण तीन मिलिमीटरपर्यंत खोल असतं. त्याहून खोल पॉकेटमध्ये कीटण साचतं आणि आतलं हाड झिजतं. धूम्रपानामुळे हिरडीतून रक्त कमी येतं, म्हणून हे सगळं मुकाट्याने चालतं. सिगरेट सोडल्यावर काही आठवड्यांत रक्त दिसू लागतं, कारण लपलेली सूज आता उघडी पडते. त्या वेळी घाबरून ब्रश हलका करणं हे सर्वांत वाईट.

आता एका दाताचा हिशोब पाहा. हिरडीची कड मूळ जागेपासून एक मिलिमीटर खाली सरली आहे आणि पॉकेट सहा मिलिमीटरचं आहे. म्हणजे दाताचा आधार एकूण सात मिलिमीटर गेलेला. मुळापर्यंत खोल सफाई केली. तीन महिन्यांनी पुन्हा मोजलं, तर कड तीन मिलिमीटर खाली आणि पॉकेटही तीनच. आरशात मूळ दोन मिलिमीटर जास्त उघडं दिसतं. पण बेरीज सहा आहे, म्हणजे आधार एका मिलिमीटरने वाढला. सुजेने फुगलेली हिरडी बसली आणि आधीच झालेली झीज दिसू लागली, इतकंच. म्हणून ‘हिरडी किती खाली गेली?’ एवढंच विचारू नका, दोन्ही आकडे लिहून मागा.

आता परत काय मिळतं? सूज जाते, पॉकेट उथळ होतं, वास थांबतो. हाड मात्र बहुतेक ठिकाणी परत येत नाही आणि कड आपोआप वर चढत नाही. टाळूची त्वचा लावून उघडं मूळ झाकता येतं, पण दोन दातांमधलं हाड शाबूत असेल तरच ते पूर्ण झाकलं जाण्याची आशा असते. पुन्हा सिगरेट ओढणाऱ्यांत ही शस्त्रक्रिया कमी यशस्वी होते. दातांमध्ये पडलेल्या काळ्या त्रिकोणी फटी भरून येतील असं कुणी ठामपणे सांगत असेल, तर त्याला आधी एक्स-रे दाखवायला सांगा.